अडकलेली अक्कलदाढ: कधी काढावी, आणि काढल्यानंतरचा पहिला आठवडा

बाराव्या-तेराव्या वर्षापर्यंत माणसाच्या तोंडात साधारण अठ्ठावीस कायमचे दात आलेले असतात. उरलेल्या चार अक्कलदाढा बहुधा सतराव्या ते पंचविसाव्या वर्षांच्या दरम्यान येतात, आणि तोवर जबड्याच्या मागच्या टोकाला जागा पुरेशी उरलेली असेलच असे नाही. खालच्या जबड्यात ही अडचण अधिक जाणवते. तिथली अक्कलदाढ हाडात तयार होतानाच बहुधा पुढच्या बाजूला कललेली असते आणि वाढता वाढता तिला सरळ व्हायचे असते. तिच्या पुढची दाढ आणि मागे कानाकडे वर चढत जाणारे जबड्याचे हाड यांच्यामधली जागा अपुरी पडली, की ती सरळ होण्याआधीच थांबते आणि तिचा माथा पुढच्या दाढेला टेकून राहतो. हीच अडकलेली, म्हणजे इम्पॅक्टेड, अक्कलदाढ.

अडकण्याचे प्रकार अनेक आहेत. काही दाढा पूर्ण आडव्या असतात, काही मागे कललेल्या, तर काही सरळ असूनही अर्ध्यावर थांबलेल्या असतात. या लेखात मात्र खालच्या जबड्यातल्या, पुढे कललेल्या आणि हिरडीतून अर्धवट बाहेर आलेल्या दाढेचाच विचार केला आहे, कारण सर्वाधिक त्रास देणारी आणि निर्णयाला सर्वांत अवघड अशी दाढ हीच असते. संपूर्णपणे हाडात बुजलेल्या दाढेपर्यंत तोंडातले जंतू सहसा पोहोचत नाहीत. अर्धवट बाहेर आलेल्या दाढेपर्यंत ते रोज पोहोचतात आणि ब्रश मात्र पोहोचत नाही.

दुखणे नेमके कुठून येते

अर्धवट आलेल्या दाढेवर हिरडीचा एक सैल पदर राहतो. त्याच्या आणि दाढेच्या मधल्या फटीत अन्नाचे बारीक कण शिरतात, तिथेच कुजतात आणि पदराला सूज येते. सुजलेला पदर वर उचलला जातो, वरची दाढ चावताना त्याच्यावर आपटते, आणि सूज आणखी वाढते. या दुखण्याला पेरिकोरोनायटिस म्हणतात. तोंडाला घाण चव येणे, मागच्या हिरडीला बोट लावताच कळ येणे, जबड्याखाली गाठ लागणे आणि तोंड पूर्वीइतके न उघडणे ही त्याची ओळख. अक्कलदाढ दुखते असे म्हणत येणाऱ्या तरुणांपैकी बहुतेकांचा दात किडलेला नसतो, दुखत असतो तो हा पदर.

पहिल्यांदा असे झाले तर दाढ लगेच काढावी लागतेच असे नाही. दंतवैद्य सलाइनने किंवा क्लोरहेक्सिडिनने पदराखालची जागा धुऊन काढतात, वरची दाढ फार टोचत असेल तर तिचा उंचवटा घासतात, आणि घरी दिवसातून चार-पाच वेळा कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला सांगतात. एवढ्याने बहुतेकांची सूज दोन-चार दिवसांत उतरते. ताप असेल, तोंड उघडत नसेल किंवा सूज गालाकडे पसरत असेल तरच प्रतिजैविकांची गरज पडते. यात मेट्रोनिडॅझोल हे औषध वारंवार दिले जाते, आणि ते चालू असताना मद्य पूर्ण वर्ज्य असते. औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनाने गोळ्यांची पट्टी आणून दोन दिवस घेणे आणि बरे वाटताच सोडून देणे ही आपल्याकडची सर्रास सवय आहे. त्यात पदराखालची घाण जागच्या जागी राहते आणि दुखणे काही आठवड्यांनी परत येते.

घरगुती उपायांपैकी दोन मुद्दाम टाळावेत. लवंगेच्या तेलाने किंचित बधिरता येते हे खरे, पण ते नुसतेच हिरडीवर वारंवार लावल्यास हिरडी भाजते आणि तिथे पांढरा व्रण पडतो. दुसरा उपाय म्हणजे सुजलेल्या गालाला बाहेरून गरम शेक देणे. जंतुसंसर्गाची सूज असताना असा शेक देऊ नये, असेच दंतवैद्य सांगतात.

एक धोका मात्र वेगळा ओळखता आला पाहिजे. सूज हनुवटीखाली किंवा गळ्याकडे उतरली, गिळताना त्रास होऊ लागला, जीभ वर उचलल्यासारखी वाटू लागली किंवा आवाज बदलला, तर संसर्ग जिभेखालच्या आणि गळ्याच्या जागेत शिरलेला असू शकतो आणि त्याने श्वासमार्ग दाबला जाऊ शकतो. अशा वेळी दवाखान्याची वेळ होण्याची वाट न पाहता, रात्र असली तरी, मोठ्या रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठावा.

काढावी की ठेवावी

अक्कलदाढ अडकली आहे एवढेच कारण ती काढायला पुरेसे नाही. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २००० साली दिलेल्या मार्गदर्शनात निरोगी अडकलेल्या अक्कलदाढा केवळ खबरदारी म्हणून काढणे थांबवावे असे स्पष्ट म्हटले. पेरिकोरोनायटिसचा पहिला झटका फार तीव्र नसेल तर तेवढ्यासाठी दाढ काढू नये, दुसऱ्यांदा झाला तर मात्र काढणे योग्य, असाही दंडक त्यात आहे. अमेरिकेतल्या शल्यविशारदांचा कल तरुण वयातच काढण्याकडे अधिक आहे. भारतात दोन्ही विचारांचे डॉक्टर भेटतात, त्यामुळे एकाच एक्स-रेवर दोन वेगळे सल्ले मिळाले तर त्यात कोणी फसवतेच आहे असे समजण्याचे कारण नाही.

माझे मत असे की हाडात पूर्ण बुजलेली, कसलाही त्रास नसलेली दाढ ठेवावी आणि एक्स-रेवर तिच्याकडे अधूनमधून लक्ष ठेवावे. पुढे कललेल्या, अर्धवट बाहेर असलेल्या दाढेच्या बाबतीत मात्र फक्त झटके मोजत बसणे पुरेसे नाही, तिच्या पुढच्या दाढेकडेही पाहिले पाहिजे. कललेल्या अक्कलदाढेचा माथा जिथे पुढच्या दाढेच्या मागच्या अंगाला टेकतो, तिथे एक खाच तयार होते. त्या खाचेत साठलेले अन्न काढता येत नाही, आणि तिथे पुढच्या दाढेला हिरडीच्या पातळीखाली कीड लागते. ती दुखत नाही, आरशात दिसत नाही आणि बहुतेकदा तिशी ओलांडल्यावर उघडकीस येते. त्या वेळी अक्कलदाढ तर जातेच, पण जी पुढची दाढ आयुष्यभर चावायला हवी होती तिलाही रूट कॅनाल करावे लागते, नाही तर तीही काढावी लागते. ब्रिटनमध्ये २००० नंतरच्या वर्षांत ही कीड घेऊन येणाऱ्यांची संख्या वाढल्याचे तिथल्या दंतवैद्यांनी नोंदवले आणि त्यावरून जुन्या मार्गदर्शनावर टीकाही झाली.

त्यामुळे काढण्याचा सल्ला साधारण पुढील परिस्थितीत दिला जातो. पदराची सूज पुन्हा पुन्हा येते. अक्कलदाढ किंवा तिच्या पुढची दाढ मागच्या बाजूने किडते आहे. दोन्हींच्या मधल्या जागेत हाड झिजून खोल कप्पा झाला आहे. पुढच्या दाढेचे मूळ झिजते आहे. किंवा अडकलेल्या दाढेच्या माथ्याभोवती पाण्याची गाठ, म्हणजे सिस्ट, वाढते आहे. समोरचे दात वाकडे होत आहेत, ते अक्कलदाढेच्या रेट्यामुळे, म्हणून ती काढा, हे कारण मात्र ग्राह्य धरू नये. समोरचे दात वयानुसार तसेही थोडे गर्दी करतात आणि अक्कलदाढ काढल्याने ते थांबते याला पुरावा नाही.

उदाहरणादाखल पुण्यात नोकरी करणारी चोवीस वर्षांची एक तरुणी घेऊ. तिच्या उजव्या बाजूची खालची अक्कलदाढ अर्धवट आलेली आहे. दंतवैद्यांच्या कागदावर ती ४८ क्रमांकाची दाढ (डावीकडची ३८). वर्षभरात तिला हिरडीची सूज तीनदा आली, आणि तिसऱ्या वेळी तोंड जेमतेम एक बोट उघडत होते. तोंड किती उघडते हे मोजायला स्वतःची मधली तीन बोटे पुढच्या वरच्या-खालच्या दातांमध्ये उभी घालून पाहावीत. निरोगी जबड्यात ती बहुधा मावतात. तिच्या पूर्ण जबड्याच्या एक्स-रेवर, म्हणजे ओपीजीवर, अक्कलदाढ पुढे कललेली दिसते आणि ४७ क्रमांकाच्या दाढेच्या मागच्या अंगाला अगदी बारीक काळसर डाग दिसतो. येथे थांबण्यात अर्थ नाही. सूज वारंवार येते आहे, पुढच्या दाढेला कीड नुकतीच सुरू झाली आहे आणि ती अजून साध्या फिलिंगने वाचू शकते. डावीकडची ३८ मात्र पूर्ण हाडात आहे आणि तिचा काही त्रास नाही. बधिर करायचेच आहे तर दोन्ही एकदम काढून टाकू, हा सल्ला तिने सहज स्वीकारू नये. डावीकडची ठेवून वर्षा-दोन वर्षांनी तपासणे हा सरळ मार्ग आहे.

वयाचा विचारही यात येतो. विशी-पंचविशीत हाड तुलनेने लवचीक असते आणि मुळे अजून पूर्ण वाढलेली नसतात. पस्तिशीनंतर हाड घट्ट होते, मुळे लांब होतात, काढायला वेळ लागतो आणि सूज व बरे होण्याचा काळही वाढतो. म्हणून काढायचीच असे ठरले तर वर्षानुवर्षे पुढे ढकलण्यात फायदा नाही. गर्भावस्थेत हिरड्या अधिक सुजतात, त्यामुळे लग्नानंतर लवकर मूल होऊ द्यायचे असेल आणि दाढ आधीपासूनच त्रास देत असेल, तर हा निर्णय त्याआधी घ्यावा. गरोदरपणात तो टाळता येणारच नसेल तर मधले तीन महिने त्यातल्या त्यात सोयीचे.

एक्स-रेवर नसेचा विचार

खालच्या जबड्याच्या हाडातून एक नस पुढे जाते. खालचा ओठ, हनुवटी आणि खालचे दात यांना संवेदना तीच देते. अक्कलदाढेची मुळे तिच्या नळीजवळ, कधी तिला टेकून असतात. ओपीजीवर तीन गोष्टी दिसल्या तर दंतवैद्य सावध होतो: मूळ नळीवरून जाते तिथे ते काळसर होणे, नळीची पांढरी रेघ तिथे तुटणे, आणि नळी मुळाशी पोहोचताच दिशा बदलणे. यांपैकी काही दिसले तर सीबीसीटी हा त्रिमितीय स्कॅन करून नस नेमकी मुळाच्या कोणत्या बाजूला आहे ते पाहिले जाते.

नसेला दुखापत झाल्यास खालचा ओठ आणि हनुवटी बधिर होतात. बहुतेकांची ही बधिरता काही आठवड्यांत किंवा महिन्यांत जाते. कायमची राहण्याचे प्रमाण एकंदरीत शंभरात एकापेक्षा कमी आहे, पण नस मुळाला चिकटून असेल तेव्हा ते यापेक्षा वाढते. जिभेची नस हाडाच्या आतल्या बाजूने हिरडीजवळून जाते. तिला इजा झाल्यास जिभेची एक बाजू बधिर होते आणि चव बदलते. नस फार जवळ असेल तर कोरोनेक्टमी हा पर्याय विचारात घ्यावा. त्यात दाढेचा माथा कापून काढतात आणि मुळे हाडातच सोडतात. हा पर्याय प्रत्येकाला लागू होत नाही, विशेषतः मूळ किडलेले असेल किंवा हलत असेल तर, पण धोका असताना डॉक्टरांना त्याबद्दल विचारणे तुमचा हक्क आहे.

अवघड दाढेसाठी तोंड व जबड्याच्या शस्त्रक्रियेत पदव्युत्तर पदवी घेतलेला शल्यविशारद, म्हणजे ओरल सर्जन, असलेला बरा. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत या शस्त्रक्रियेचे स्वतंत्र विभाग आहेत, आणि खासगी दवाखान्याचा खर्च झेपत नसेल तर तिथे आधी ओपीजी काढून सल्ला घेणे शहाणपणाचे आहे.

जाण्याआधी काय सांगायचे

पुढील गोष्टी डॉक्टरांनी विचारल्या नाहीत तरी आपण सांगाव्यात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्यांची नावे सांगा आणि त्या स्वतःच्या मनाने बंद करू नका, कारण त्या बंद करण्याने होणारा धोका बऱ्याचदा दाढेच्या रक्तस्रावापेक्षा मोठा असतो. मधुमेह असल्यास साखर आटोक्यात असल्याचा अलीकडचा तपास जवळ ठेवा. हाडे ठिसूळ होण्यावरच्या अलेन्ड्रोनेट किंवा झोलेड्रोनिक आम्ल अशा औषधांचा, तसेच डोक्याला-मानेला पूर्वी दिलेल्या रेडिएशनचा उल्लेख अवश्य करा. त्यात जबड्याचे हाड नीट भरून न येण्याचा धोका असतो. पेनिसिलिनची ॲलर्जी, दमा, अल्सर आणि मूत्रपिंडाचा आजार यांनुसार औषधे बदलावी लागतात. गर्भनिरोधक गोळ्या चालू असल्यास तेही सांगावे, कारण त्यांनी पुढे वर्णन केलेल्या ड्राय सॉकेटचा धोका वाढतो.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. सुपारी, गुटखा किंवा मावा नियमित खाणाऱ्यांच्या गालाच्या आतल्या पडद्यात तंतू वाढून तोंड हळूहळू कमी उघडू लागते. हे दुखणे अक्कलदाढेचे समजून चालत नाही, कारण दाढ काढूनही तोंड उघडत नाही. सूज नसताना तीन बोटे मावत नसतील, आणि तिखट लागताच गाल जळत असेल, तर ते आधी डॉक्टरांना दाखवावे.

स्थानिक भूल असेल तर उपाशी जाऊ नये, दीड-दोन तास आधी हलके जेवून जावे. पूर्ण भूल देणार असतील तर सांगितल्याप्रमाणे सुमारे सहा तास उपाशी राहावे लागते. घरी परतण्यासाठी सोबत कुणी असलेले बरे.

शस्त्रक्रियेत काय होते

बहुतेक दाढा स्थानिक भूल देऊन काढतात. लिग्नोकेन आणि थोडे ॲड्रेनॅलिन यांचे इंजेक्शन जबड्याच्या मागच्या बाजूला दिल्यावर काही मिनिटांत अर्धा खालचा ओठ जड होतो. ओठ जड झाला नसेल तर सुरुवात करू नका असे डॉक्टरांना सांगावे. त्यानंतर दुखायला नको, दाब मात्र जाणवतो, आणि ड्रिलचा आवाज व हाड कुरकुरल्याचा भास होतो. हिरडी कापून बाजूला सारतात, दाढेभोवतीचे थोडे हाड पाण्याच्या धारेखाली घासतात, दाढेचे दोन किंवा अधिक तुकडे करून ते एकेक बाहेर काढतात, खड्डा धुतात आणि टाके घालतात. साधी दाढ असेल तर वीस मिनिटे, अवघड असेल तर पाऊण तासाहून जास्त वेळ लागतो. काळ्या रेशमाचे टाके आठवड्याने काढावे लागतात, विरघळणारे आपोआप गळतात. कोणते घातले हे निघण्याआधी विचारून घ्यावे.

पहिला दिवस

या दिवसाचे सगळे लक्ष एकाच गोष्टीकडे असावे: खड्ड्यात साकळलेली रक्ताची गाठ टिकवणे. ती गाठ हाडावरचे झाकण आहे आणि तिच्यातूनच नवी ऊती तयार होते. टाक्यावर ठेवलेला गॉजचा बोळा पाऊण ते एक तास घट्ट दाबून धरावा आणि नंतर काढून टाकावा. बोळा पुन्हा पुन्हा बदलत राहिल्यास गाठ उखडते. थुंकायचे नाही, गुळण्या करायच्या नाहीत, स्ट्रॉने काही प्यायचे नाही, कारण या तिन्हींत तोंडात जो ओढ निर्माण होतो त्याने गाठ सुटते. लाळ गिळावी, किंवा ओठांतून सहज गळू द्यावी.

लाळेला चोवीस तास गुलाबी रंग असणे ठीक आहे. थेंब थेंब नव्हे तर तोंड भरून लाल रक्त येत असेल, तर स्वच्छ गॉज किंवा ओला करून पिळलेला कपडा घडी करून टाक्यावर ठेवा आणि मध्ये न पाहता पूर्ण तीस मिनिटे दाबा. गॉज नसल्यास भिजवलेली चहाची पिशवी चालते, तिच्यातल्या टॅनिनमुळे रक्त थांबायला मदत होते. एवढ्याने थांबले नाही तर डॉक्टरांकडे जावे.

भुलीचा असर ओठावर तीन-चार तास, कधी जास्तही राहतो. तो उतरण्याआधीच वेदनाशामकाची पहिली मात्रा घ्यावी. आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल यांची जोडी या दुखण्यावर उत्तम काम करते. आपल्याकडच्या बहुतेक संयुक्त गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच असते, त्यामुळे दुसरी पॅरासिटामॉल जोडताना पट्टीवरचे आकडे वाचावेत आणि दिवसभरात एकूण ४ ग्रॅमची मर्यादा ओलांडू नये. अल्सर, दमा, मूत्रपिंडाचा आजार किंवा गर्भावस्था असेल तर आयबुप्रोफेन घेण्याआधी विचारावे.

गालाला बाहेरून बर्फ, कपड्यात गुंडाळून, पंधरा-वीस मिनिटे लावावा आणि तितकाच वेळ थांबावे. झोपताना डोक्याखाली दोन उशा घ्याव्यात. बधिरता असेपर्यंत काही चावू नये, गाल किंवा ओठ चावला गेल्याचे कळतच नाही. खाणे गार किंवा कोमट असावे: ताक, दही-भात, गार पेज, चमच्याने आइस्क्रीम. गरम चहा-आमटी या दिवशी नको. तंबाखू, सिगारेट आणि मिश्री निदान आठवडाभर पूर्ण बंद. मिश्री लावणाऱ्या बायकांना वाटते की ती दुसऱ्या बाजूने लावली तर चालेल, पण तोंडातली लाळ एकच असते आणि निकोटिन रक्तवाहिन्या आकुंचित करून खड्ड्याला होणारा रक्तपुरवठा कमी करते.

दुसरा आणि तिसरा दिवस

चोवीस तासांनंतर मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सुरू कराव्यात. एक पेला कोमट पाण्यात अर्धा चहाचा चमचा मीठ घालावे, तोंडात घेऊन मान कलती करून पाणी त्या बाजूवर हलके खेळवावे आणि जोराने न थुंकता सोडून द्यावे. दिवसातून चार-पाच वेळा, जेवणानंतर न चुकता. क्लोरहेक्सिडिनची चूळ सांगितली असेल तर टूथपेस्टनंतर लगेच करू नये, अर्धा तास जाऊ द्यावा. बाकीचे दात मऊ ब्रशने घासावेत, टाक्याची जागा तेवढी वगळावी.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त दिसते. ही गोष्ट आधी ठाऊक नसली की माणूस पहिल्या दिवशी आरशात पाहून निश्चिंत होतो आणि तिसऱ्या दिवशी सकाळी घाबरतो. त्या तरुणीचा गाल तिसऱ्या दिवशी सकाळी सुजलेला असेल, तोंड एकच बोट उघडत असेल, आणि हनुवटीकडून मानेकडे पिवळसर-निळसर डाग उतरलेला असेल. हे सगळे अपेक्षित आहे. दुखणे मात्र पहिल्यापेक्षा कमी होत जायला हवे. बर्फ पहिल्या दिवसानंतर फारसा उपयोगी नाही. तिसऱ्या दिवसापासून डॉक्टरांनी सांगितल्यास ओलसर कोमट शेक देता येतो, कारण ही सूज शस्त्रक्रियेची असते. ताप असेल तर मात्र आधी विचारावे.

खाण्यात आता मऊ खिचडी, मऊ वरण-भात, शिजवलेला बटाटा, उपमा आणि अंडे चालते. शेंगदाणे, चिवडा, भाकरीचा कडक कड आणि तीळ टाळावेत, बारीक कण टाक्यांत अडकतात.

चौथा ते सातवा दिवस

चौथ्या दिवसापासून सूज उतरू लागते आणि तोंड थोडे-थोडे उघडू लागते. दिवसातून दोन-तीन वेळा, वेदना वाढणार नाही इतक्याच बेताने तोंड उघडझाप करावे. टाक्याच्या आजूबाजूला पिवळसर-पांढरा पातळ थर दिसतो. तो पू नसतो, बरे होणाऱ्या जखमेवरचा फायब्रिनचा थर असतो, म्हणून तो कापसाने पुसू नये. बैठे काम असेल तर बहुतेकांना तीन-चार दिवसांत कामावर जाता येते. जिम, धावणे आणि जड उचलणे पहिले चार-पाच दिवस नको.

ज्याच्याकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावे ते ड्राय सॉकेट या दिवसांतच होते. त्यात खड्ड्यातली रक्ताची गाठ विरघळते किंवा सुटते आणि हाड उघडे पडते. त्याची ओळख साधी आहे: दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कमी झालेले दुखणे तिसऱ्या ते पाचव्या दिवशी अचानक वाढते, कानाकडे किंवा कानशिलाकडे जाते, गोळीने थांबत नाही, आणि तोंडाला दुर्गंधी येते. आरशात पाहिल्यास लालसर गाठीऐवजी रिकामा, राखाडी हाडाचा खड्डा दिसतो. ताप बहुधा नसतो. त्यावर प्रतिजैविकांचा कोर्स वाढवून फायदा नाही. दवाखान्यात जाऊन खड्डा धुऊन घ्यावा आणि औषधी पट्टी भरून घ्यावी, तिने काही मिनिटांतच आराम पडतो. पट्टी एक-दोनदा बदलावी लागू शकते आणि दुखणे आठवडा-दहा दिवसांत पूर्ण थांबते.

तिसऱ्या दिवसानंतरही सूज वाढतच राहिली, टाक्यातून पू आला, १०१ अंश फॅरनहाइटच्या वर ताप गेला किंवा गिळणे अवघड झाले, तर तो संसर्ग समजून त्याच दिवशी दाखवावे. भुलीचा असर उतरायला हवा होता असा एक दिवस लोटूनही ओठ, हनुवटी किंवा जीभ बधिरच असेल तर तेही कळवावे. बधिर भागाची सीमा स्वतः कागदावर तारखेसह काढून ठेवावी, म्हणजे पुढच्या भेटीत ती आकसते आहे का हे कळते. बहुतेक वेळा ती आकसतेच, पण काही महिन्यांनीही फरक पडला नाही तर नसेच्या तज्ज्ञाकडे पाठवावे लागते, आणि त्यासाठी लवकर नोंद असणे उपयोगी ठरते.

सातव्या दिवशी, टाके विरघळणारे नसतील तर ते काढतात. त्याला भूल लागत नाही, थोडी चिमट जाणवते. याच भेटीत तोंड किती उघडते ते पुन्हा तीन बोटांनी पाहावे. दोन बोटे मावत असतील आणि रोज थोडा फरक पडत असेल, तर उरलेले दोन आठवड्यांत परत येते. त्या तरुणीच्या ४७ क्रमांकाच्या दाढेची मागची बाजू आता मोकळी झालेली असते, त्यामुळे तिथली कीड काढून फिलिंग करण्याची तारीख याच भेटीत ठरवून घ्यावी, साधारण महिन्याभराने.

खड्डा मात्र आठवड्यात बुजत नाही. हिरडी वरून भरायला काही आठवडे लागतात आणि आतले हाड भरायला कित्येक महिने. तोवर तिथे भाताचे शीत आणि डाळीचे कण जाऊन बसतात. पहिल्या आठवड्याच्या अखेरीस डॉक्टरांकडून वाकड्या टोकाची प्लॅस्टिकची सिरिंज घ्यावी, तिच्यात कोमट मिठाचे पाणी भरून ते रोज रात्रीच्या जेवणानंतर हलक्या धारेने खड्ड्यात सोडावे, आणि परत येणारे पाणी स्वच्छ दिसेपर्यंत ते करत राहावे. खड्डा इतका उथळ झाला की कणच अडकेनासे झाले, म्हणजे सिरिंज बंद करता येते.